मोफत यादी आणि तिच्याभोवतीची चार वाक्ये

प्लायवूड, टाइल्स किंवा हार्डवेअरचे दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबात सुनेने अथवा मुलाने इंटिरिअर डिझायनिंगचे स्वतंत्र काम सुरू करणे, हे चित्र आता अपरिचित राहिलेले नाही. दोन्ही व्यवसाय एकाच घरातले असले, तरी त्यांची विक्री मात्र अगदी निराळ्या रीतीने होते. दुकानातील माल समोर असतो. गिऱ्हाईक त्याला हात लावते, जाडी पाहते, वानगी घरी नेते. डिझायनरचा माल काम पूर्ण होईपर्यंत अस्तित्वातच नसतो. म्हणून येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो एकच: ‘चौरस फुटाला भाव काय?’ भाव ऐकून तो आणखी तिघांकडे जातो, आणि कोणाचे काम चांगले हे कळण्यास मार्ग नसल्याने सर्वांत कमी आकड्यावर स्थिरावतो.

धान्याच्या व्यापारात मूठभर वानगी जे काम करते, ते काम डिझायनरसाठी एखादा उपयोगी कागद करू शकतो. ग्राहकाने आपले नाव आणि मोबाइल क्रमांक द्यावा आणि त्या मोबदल्यात त्याला एक तपासणी यादी विनामूल्य मिळावी, अशी ही पद्धत आहे. जाहिरातीच्या व्यवसायात तिला ‘लीड मॅग्नेट’ म्हणतात. शब्द नवा असला, तरी व्यवहार जुनाच आहे. येथेही देवाणघेवाण होते. फक्त ग्राहक पैशांऐवजी आपला क्रमांक देतो. क्रमांक देताना तो मनातल्या मनात हिशेब करतो, की मिळणारा कागद पुढे येणाऱ्या फोनच्या त्रासापेक्षा मोलाचा आहे काय? यादी कशी करावी आणि ती देताना कोणते शब्द वापरावेत, हे दोन्ही प्रश्न या एका हिशेबातून सुटतात.

विषयाची निवड

उदाहरणादाखल पुण्याच्या उपनगरात दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांची कामे करणारी एक डिझायनर घेऊ. सासरी प्लायवूड आणि हार्डवेअरचे दुकान आहे. नवीन सदनिकेचा ताबा मिळालेली कुटुंबे त्या दुकानात येतात. काउंटरजवळ एक फलक ठेवावा, त्यावरील चौकोनी कोड मोबाइलने टिपताच छोटा अर्ज उघडावा आणि अर्ज भरताच यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पोहोचावी, अशी तिची योजना आहे.

पहिला मोह होतो तो ‘घर सजवण्याच्या १०० कल्पना’ असा काही संग्रह देण्याचा. तो शेकडो लोक घेतील. पण घर न बदलणारे, भाड्याने राहणारे आणि केवळ चित्रे पाहण्याची हौस असणारेही त्यात असतील. यादीचा विषय असा हवा, की ज्याला तिची गरज आहे तो येत्या काही महिन्यांत काम करून घेणारच आहे. ‘मॉड्युलर किचनची ऑर्डर देण्यापूर्वी तपासायची १० मापे’ हा विषय या कसोटीवर टिकतो. ज्याच्या घरी किचनचे काम निघालेले नाही, तो मोजपट्टी घेऊन ओटा मोजत बसणार नाही. घेणाऱ्यांची संख्या कमी होईल. पण प्रत्येक नाव कामाचे असेल.

दुसरी कसोटी अशी, की यादी तिच्यापुरती पूर्ण असली पाहिजे. कागद हाती आल्यावर अर्ध्या तासात ग्राहकाला काहीतरी नवे कळले पाहिजे आणि त्यासाठी डिझायनरला फोन करण्याची गरज पडता कामा नये. ‘अधिक माहितीसाठी संपर्क साधा’ असे ज्या यादीच्या प्रत्येक ओळीखाली लिहिले आहे, ती यादी नसून पत्रक आहे, आणि ग्राहकाला ते तत्काळ ओळखता येते.

यादी कशातून तयार होते

अशी यादी टेबलाशी बसून सुचत नाही. ती जुन्या कामांच्या फायलींतून निघते. डिझायनरने आपली शेवटची आठ-दहा किचनची कामे समोर घ्यावीत आणि प्रत्येक कामात काय उचकटून पुन्हा करावे लागले, ते लिहून काढावे. चिमणीचे छिद्र चुकीच्या जागी पडले, फ्रिजचे दार पूर्ण उघडेना, वॉटर प्युरिफायरसाठी पाण्याची जोडणीच नव्हती, असे तपशील त्यात येतील. मग प्रत्येक चुकीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: ही चूक कोणत्या दिवशी लक्षात आली असती, तर खर्च वाचला असता, आणि ती घरच्या माणसाला केवळ मोजपट्टीने ओळखता आली असती काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तेवढ्याच गोष्टी यादीत घ्याव्यात.

प्रत्येक ओळीची बांधणीही ठरलेली असावी: काय करायचे, काय आढळले पाहिजे आणि तसे न आढळल्यास कोणाला सांगायचे. ‘प्लग पॉइंट व्यवस्थित आहेत का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण ‘व्यवस्थित’ म्हणजे काय तेच ग्राहकाला ठाऊक नसते. ‘वापरायच्या सर्व विजेच्या उपकरणांची नावे लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचा स्वतंत्र पॉइंट भिंतीवर बोटाने दाखवा’ ही कृती आहे. ती केल्यावर उत्तर आपोआप मिळते.

या रीतीने तयार झालेली यादी साधारणपणे अशी असेल:

१. कोपरा गुण्यात आहे का? ओट्याच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३६ इंचांवर आणि दुसरीवर ४८ इंचांवर खूण करा. दोन खुणांमधील तिरके अंतर ६० इंच भरले पाहिजे. फरक अर्ध्या इंचाहून अधिक असल्यास मोजमाप घेणाऱ्याला आधी दाखवा.

२. भिंतीची रुंदी तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, ओट्याच्या उंचीवर आणि वरच्या कपाटांच्या उंचीवर. तिन्ही आकडे लिहा. कपाटांसाठी सर्वांत लहान आकडा धरला आहे, याची खात्री करा.

३. जी व्यक्ती सर्वाधिक वेळ स्वयंपाक करते, तिने सरळ उभे राहून कोपर दुमडावे. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीतून ४ ते ६ इंच वजा करा. ओट्याची उंची त्याच्या आसपास हवी.

४. ओट्यासमोरील खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंचीवर सुरू होते? पल्ला आत उघडत असेल, तर तो नळाला आडवा येतो का, ते पाहा.

५. घरातील सर्वांत मोठे पातेले मोजा. ते सिंकमध्ये आडवे मावेल का? सांडपाण्याचा पाइप भिंतीत कोठे आहे, तेथे खूण करा.

६. वॉटर प्युरिफायर, डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीन येथे ठेवायचे असल्यास प्रत्येकासाठी पाणी येण्याची आणि जाण्याची, अशा दोन्ही जागा दाखवा.

७. फ्रिजची रुंदी मोजा. त्यात कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली मोकळी जागा मिळवा. दार पूर्ण उघडून आतील खण बाहेर ओढता येतात का, ते पाहा. फ्रिज लिफ्टमधून आणि दारातून आत येईल का, तेही मोजा.

८. विजेच्या उपकरणांची नावे लिहा. ओव्हन, डिशवॉशर अशा जड उपकरणांसाठी १६ अँपिअरचा, तर मिक्सरसारख्यांसाठी ६ अँपिअरचा पॉइंट दाखवा. कोणताही पॉइंट कपाटामागे झाकला जाणार नाही ना, ते पाहा.

९. शेगडीच्या वर चिमणी बसवण्याची उंची कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. बहुधा ती २६ ते ३० इंच असते. धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचा मार्ग भिंतीवर खडूने आखा. मार्गात तुळई येत असल्यास तेथे छिद्र पाडू देऊ नका.

१०. सिलिंडर ओट्याखाली ठेवायचा असल्यास तो उभा मावतो का आणि त्या कपाटाला खालच्या बाजूस हवेची जाळी आहे का? पाइप गॅस असल्यास मीटरची जागा गॅस कंपनीखेरीज कोणी बदलू शकत नाही, हे ध्यानात ठेवा.

प्रत्येक ओळीमागे कारण आहे आणि काही ओळींत ते थोडक्यात छापणेही इष्ट ठरते. पहिलीच ओळ घ्यावी. अर्ध्या इंचाचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात तो कोपरा सुमारे एक अंशाने काटकोनातून ढळल्याची खूण असतो, आणि आठ फूट लांबीच्या भिंतीच्या टोकाशी तोच फरक पावणेदोन इंचांच्या आसपास जातो. कारखान्यातून काटकोनात तयार होऊन आलेली कपाटे बसवली, की एका टोकाला तेवढी फट राहते आणि ती पट्टी मारून झाकावी लागते. सुताराने जागेवर केलेले फर्निचर अशा भिंतीशी जमवून घेता येते. तयार होऊन आलेल्या मॉड्युलर कपाटांना ती सवलत नसते. म्हणूनच हे माप ऑर्डरपूर्वी घ्यायचे.

तिसऱ्या ओळीचेही तसेच. बिल्डरने दिलेला ओटा बहुधा सर्वांसाठी एकाच उंचीचा असतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या स्त्रीचे कोपर जमिनीपासून साधारण ३९ इंचांवर येते. त्यातून पाच इंच वजा करता ३४ इंच उरतात. तिच्या वाट्याला ३१ इंचांचा ओटा आला, तर पोळ्या लाटताना ती रोज वाकणार. हे गणित तिला स्वतःच्या हाताने करता आले, की डिझायनरच्या जाणतेपणाची खात्री पटवण्यासाठी वेगळ्या जाहिरातीची आवश्यकता राहत नाही. दहावी ओळ सुरक्षिततेची आहे. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो. जाळी वरच्या बाजूस ठेवली तर तिचा उपयोग होत नाही.

यादीला मर्यादाही असाव्यात. विजेचा एकूण भार मोजणे, भिंत पाडणे, तुळईला किंवा खांबाला हात लावणे या गोष्टी मोजपट्टीच्या आवाक्यातल्या नाहीत. परवानाधारक इलेक्ट्रिशियन, स्ट्रक्चरल अभियंता आणि सोसायटीची लेखी परवानगी यांचा उल्लेख करून यादीने तेथे थांबावे. सर्वज्ञतेचा आव आणणाऱ्या यादीपेक्षा आपली सीमा सांगणारी यादी अधिक विश्वासाची ठरते.

दुकान आणि यादी यांतील अंतर

आपल्या उदाहरणातील सर्वांत नाजूक जागा येथे आहे. दुकान घरचेच असल्याने यादीत अकरावी ओळ घालण्याचा मोह होणार: ‘अमुक कंपनीचेच प्लायवूड वापरा’, आणि ती कंपनी दुकानात मिळणारी असणार. डिझायनरला दुकानदाराकडून दलाली मिळते हे पुष्कळ ग्राहकांना ठाऊक असते. त्यामुळे ती ओळ वाचताच वरच्या दहाही ओळींकडे ते संशयाने पाहू लागतात. दुकानाचा एका पाटाचा फायदा होतो आणि यादीची सगळी पत जाते.

साहित्याविषयी सांगायचेच असेल, तर कोणत्याही दुकानात लागू पडेल असे सांगावे. सिंकखालच्या कपाटाला पाणी लागते. तेथे मरीन प्लायवूड वापरायचे असल्यास पाटावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा मानक क्रमांक छापलेला आहे का, ते पाहावे. ही सूचना प्रतिस्पर्धी दुकानातही तितकीच उपयोगी आहे, म्हणूनच ती विश्वासार्ह आहे. शिवाय यादीच्या तळाशी एक वाक्य स्पष्ट लिहावे: ‘ही यादी करणाऱ्या डिझायनरच्या कुटुंबाचे प्लायवूडचे दुकान आहे. यादीतील मापांचा माल कोठून घ्यावा याच्याशी संबंध नाही.’ ग्राहकाला जे पुढे-मागे कळणारच आहे, ते आपण आधी सांगितलेले बरे.

कागदाची मांडणी

दहा ओळी ए-फोर आकाराच्या दोन पानांत बसतात. प्रत्येक ओळीसमोर खूण करण्याचा चौकोन आणि माप लिहिण्यासाठी रिकामी जागा हवी. रिकामी जागा हा या यादीचा प्राण आहे, कारण भरलेला कागद डिझायनरलाही हवा असतो. मोबाइलच्या पडद्यावर वाचता येईल एवढा टंक मोठा असावा आणि घरी छापली तर शाई फार लागू नये म्हणून पार्श्वभूमी पांढरी ठेवावी. सुंदर किचनची छायाचित्रे टाळावीत. त्यांमुळे फाइल जड होते आणि यादीला पुन्हा जाहिरातीचे रूप येते. डिझायनरचे नाव, क्रमांक आणि यादी कोणत्या महिन्यात सुधारली ती नोंद, एवढे तळाशी पुरेसे आहे.

छापण्यापूर्वी या व्यवसायाशी संबंध नसलेल्या तिघांना यादी द्यावी आणि त्यांच्या घरी त्यांनी ती एकट्याने भरावी. डिझायनरने बाजूला बसावे, बोलू नये. ज्या ओळीवर दोघे अडखळतात, ती ओळ पुन्हा लिहावी. ‘गुण्यात’ हा शब्द गवंडी आणि सुतार रोज वापरतात. पण तरुण दांपत्याला तो कळेलच असे नाही. तेथे ‘काटकोनात’ हा शब्द जोडून द्यावा, हे अशा चाचणीतच उमगते.

अर्जावरील शब्द

आता प्रश्न उरतो तो यादीभोवतीच्या शब्दांचा. पुष्कळ अर्जांवर वर ‘आमच्याशी जोडले जा’, मध्ये सात-आठ रकाने, खाली ‘सबमिट’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत न वाचता येणाऱ्या अटी असे रूप असते. यात ग्राहकाला काय मिळणार हे कोठेच लिहिलेले नसते. त्याने काय द्यायचे तेवढे मात्र सविस्तर असते. बँकेच्या अर्जात पत्ता, उत्पन्न आणि जन्मतारीख विचारण्यास कारण असते, कारण तेथे कर्ज द्यायचे असते. दोन पानांची यादी पाठवण्यासाठी नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक यांहून अधिक कशाचीही गरज नाही.

फलकावर आणि अर्जावर पुढील मजकूर पुरेसा होईल:

‘मॉड्युलर किचनची ऑर्डर देण्याआधी तपासा: १० मापे

ओटा, सिंक, फ्रिज, चिमणी आणि प्लग पॉइंट यांतील चुका कारागीर येण्यापूर्वी ओळखण्यासाठी दोन पानांची मोफत यादी. वेळ अर्धा तास. साहित्य फक्त मोजपट्टी.

आपले नाव: ........
व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक: ........
किचनचे काम केव्हा? ☐ ३ महिन्यांत ☐ ३ ते ६ महिन्यांत ☐ अजून ठरलेले नाही

☐ यादी भरताना उपयोगी पडणारे आणखी दोन संदेश येत्या दहा दिवसांत पाठवावेत. (ही खूण न करताही यादी मिळेल.)

[ यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ]

आम्ही फोन करणार नाही. आपला क्रमांक दुकानाला किंवा अन्य कोणालाही दिला जाणार नाही. “थांबा” एवढे लिहून पाठवल्यास संदेश बंद होतील आणि क्रमांक काढून टाकला जाईल.’

या मजकुरातील प्रत्येक शब्दाला काम आहे. शीर्षकात ‘ऑर्डर देण्याआधी’ हे शब्द वेळ सांगतात. ऑर्डर देऊन बसलेला आणि काम न निघालेला, दोघेही त्यामुळे आपोआप बाजूला होतात. ‘१०’, ‘दोन पाने’, ‘अर्धा तास’ हे आकडे वस्तू केवढी आहे ते सांगतात. ‘स्वप्नातील किचन’ किंवा ‘तज्ज्ञांचे गुपित’ असे शब्द काहीच सांगत नाहीत आणि कागद हाती आल्यावर निराशा मात्र करतात. बटणावर ‘सबमिट’ लिहिल्यास ग्राहक काहीतरी सुपूर्द करतो; ‘यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ लिहिल्यास तो काहीतरी मागून घेतो.

तिसरा प्रश्न, काम केव्हा, हा एकच प्रश्न डिझायनरच्या सोयीसाठी आहे. त्याऐवजी अंदाजपत्रकाचा आकडा विचारावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ओळख होण्यापूर्वी पैशांविषयी विचारले, की व्यापारी कुटुंबातील माणूस एक तर आकडा कमी लिहितो किंवा अर्ज बंद करतो. महिना मात्र तो सहज सांगतो, आणि कोणाकडे आधी लक्ष द्यायचे हे त्यावरून कळते.

संमतीचा चौकोन वेगळा आणि रिकामा का ठेवायचा, याला सौजन्याइतकाच कायद्याचाही आधार आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ यात संमती कशी असावी हे सांगितले आहे. ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, व्यक्तीने स्पष्ट कृतीने दिलेली असावी. आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. अधिनियमाची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत असली, तरी अर्ज आजच त्या रूपात करणे शहाणपणाचे. आधीच खूण केलेला चौकोन ही ग्राहकाची कृती होत नाही. ‘संदेश स्वीकारले तरच यादी’ ही अट संमतीला बिनशर्त राहू देत नाही. आणि यादीसाठी घेतलेला क्रमांक दिवाळीच्या सवलतीसाठी दुकानाने वापरला, तर तो दिलेल्या कारणाबाहेरचा वापर ठरतो. एकत्र कुटुंबात हे कटाक्षाने पाळावे लागते, कारण तेथे एकाची वही दुसऱ्याच्या हाती सहज जाते. यादीची नावे दुकानाच्या ग्राहकवहीत उतरवायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी घरात सांगून ठेवावे.

यादी पोहोचल्यानंतर

अर्ज भरल्यावर मिनिटभरात यादी जावी. सोबतचा संदेश लहान असावा: ‘नमस्कार. आपण मागितलेली यादी सोबत आहे. सुरुवात पहिल्या ओळीपासून करा. कोपरा तपासण्यास पाच मिनिटे लागतात.’ एवढेच. येथे भेटीची वेळ मागितली, की फोन न करण्याचे वचन पहिल्याच मिनिटाला सैल होते.

ज्यांनी चौकोनात खूण केली त्यांना तिसऱ्या दिवशी दुसरा संदेश जावा: ‘यादीतील तिसरी आणि सातवी मापे सर्वांत जास्त चुकतात. आपली मापे लिहून त्या पानाचा फोटो पाठवलात, तर त्यात काही शंकास्पद आहे का ते पाहून कळवू. त्याचे शुल्क नाही.’ भरलेले पान ज्या क्षणी परत येते, त्या क्षणी चौकशीचे रूप बदलते. आता समोर ‘चौरस फुटाला भाव काय’ विचारणारा अनोळखी माणूस नसतो. ३१ इंचांचा ओटा आणि दाराशी अडकणारा फ्रिज असलेले एक विशिष्ट स्वयंपाकघर असते, आणि बोलणे त्याविषयी होते. दहाव्या दिवशीचा शेवटचा संदेश भेटीचा प्रस्ताव ठेवू शकतो. मात्र भेटीचे शुल्क आहे की नाही, असल्यास किती आणि काम दिल्यास ते वळते होते का, हे त्यातच लिहावे. त्यानंतर उत्तर न आल्यास गप्प राहावे.

हिशेब

तीन महिन्यांनी वही उघडावी. समजा, फलक, छपाई आणि अर्जाची व्यवस्था यांवर ९,००० रुपये खर्च झाले. ४० जणांनी यादी घेतली, १४ जणांनी भरलेले पान पाठवले, सहा जण भेटले आणि दोघांनी काम दिले. एका कामामागे ४,५०० रुपये पडले. डिझायनरच्या एका कामाच्या शुल्काशी हा आकडा ताडून पाहिला, की पद्धत परवडते की नाही ते कळते. यात डिझायनरने पाने तपासण्यात घालवलेले तासही धरले पाहिजेत. ते विसरले तर हिशेब खोटा ठरतो.

एकूण आकड्यापेक्षाही गळती कोठे होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. फलक पुष्कळांनी वाचला, पण अर्ज थोड्यांनीच भरला, तर शीर्षक तरी धूसर आहे किंवा रकाने तरी जास्त आहेत. अर्ज भरले गेले, पण भरलेले एकही पान परत आले नाही, तर यादी वाचली जाते. पण वापरली जात नाही. तिच्या ओळी कृतीच्या नसाव्यात, अथवा विषय चुकीच्या माणसांना ओढत असावा. पाने परत आली आणि भेटीही झाल्या, तरी काम मिळत नसेल, तर दोष यादीत नाही. अंदाजपत्रकात किंवा भेटीतल्या बोलण्यात शोधावा. एका वेळी एकच बदल करावा आणि महिनाभर थांबावे. शीर्षक, रकाने आणि संदेश एकदम बदलले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

यादी स्वतःही जुनी होते. दर नव्या कामात जी एखादी चूक राहून गेली, ती पुढच्या आवृत्तीत ओळ म्हणून यावी आणि कोणालाच उपयोगी न पडलेली ओळ काढून टाकावी. संख्या दहावरच ठेवावी. ज्यांनी आधीची प्रत घेतली आणि ज्यांचे काम अजून व्हायचे आहे, त्यांना सुधारित प्रत पाठवता येते. मात्र त्यांनी चौकोनात खूण करून दिलेली परवानगी दोन संदेशांची होती, म्हणून ती पाठवण्यापूर्वी शेवटच्या संदेशातच तसे विचारून ठेवावे.